कराड, कऱ्हाड आणि पान ११२ : एका अभिप्राय वहीचा तक्ता

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात दोन खोल्यांचं एक छोटंसं संग्रहालय आहे, जुन्या वजनं-मापांचं. पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं, सोनाराचे काटे, लोखंडी वजनं वगैरे. नाव मुद्दाम देत नाही कारण पुढे थोडी उणीदुणी निघणार आहेत. तिथले सर (सगळे त्यांना सरच म्हणतात, वय सत्तरच्या पुढे) मला एका रविवारी म्हणाले की तुम्ही लोक एक्सेलबिक्सेल करता ना, मग मला एक माणूस शोधून द्या.

झालं होतं असं की एका कपाटात एक पितळी तराजू आहे, लाकडी दांडीचा, दांडीवर एक अर्धवट पुसलेला छाप. लेबलवर फक्त ‘तराजू, देणगी’ एवढंच. सरांना पक्कं आठवत होतं की खूप वर्षांपूर्वी कराडच्या कुणीतरी अभिप्राय वहीत लिहिलं होतं की हा छाप आमच्या आजोबांच्या दुकानाचा आहे. नाव आठवत नाही, साल आठवत नाही, ‘९८ असेल बहुतेक’ एवढंच. वही दोनदा चाळून झाली, सापडलं नाही. वही म्हणजे लाल पाठीचं जाड फुलस्केप रजिस्टर, २१४ पानं, १९९१ च्या दसऱ्यापासून १९९८ पर्यंत, एका पानावर दहा-बारा नोंदी, म्हणजे साधारण तेवीसशे-चोवीसशे माणसं. पट्टीने आखलेले रकाने : तारीख, नाव, गाव, अभिप्राय. आणि पुणेकर असल्यामुळे ‘संग्रह उत्तम. पंखा बंद होता.’ असे अभिप्राय जागोजागी.

म्हणलं करू, त्यात काय, बघून टाईप करायचं आणि शोधायचं. तीन महिने गेले, आणि तो माणूस शेवटी ज्या रस्त्याने सापडला तो रस्ता आम्ही ठरवलेलाच नव्हता, म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

आम्ही तिघी होतो. मी, माझी कॉलेजातली भाची, आणि शेजारच्या ताई ज्या बँकेतून रिटायर झाल्यात. ताई म्हणजे खरा हुकमी एक्का, तीस वर्षं चेकवरच्या सह्या ताडून बघितलेल्या, त्यामुळे जिथे मला नुसती गांडुळं दिसायची तिथे त्या सहज म्हणायच्या ‘अगं हा देशपांडे, शेवटचा काना खाली ओढलाय बघ’.

आधी फोटो काढले, कारण वही घरी न्यायला सर तयार नव्हते (बरोबरच आहे). खिडकीच्या बाजूच्या उजेडात, फ्लॅश बंद, फोन वरून सरळ धरून. एक गोष्ट पहिल्या दिवशी चुकली. तेव्हाचं शाईपेन पातळ कागदात उतरलेलं, मागच्या पानाची अक्षरं पुढे उलटी दिसायची आणि फोटोत दोन्ही एकमेकांत मिसळायची. मग प्रत्येक पानाखाली काळा कागद सरकवला, मागचं बरंच दबलं. फाईलचं नाव `VB1_p047.jpg` असं, पान नंबर म्हणजे आम्ही पेन्सिलीने कोपऱ्यात घातलेला, कारण वहीत नंबरच नव्हते. प्रत्येक नोंदीला मग एक ओळख मिळाली : पान आणि ओळ. 047-03 म्हणजे पान ४७, तिसरी नोंद. हा नंबर एकदा दिला की बदलायचा नाही, मधली एखादी नोंद राहिली असेल तर 047-03a. नंतर कितीही सॉर्ट करा, परत फोटोपर्यंत जाता येतं, आणि आम्हाला सारखं जायला लागलं.

पानं वाटून घेतली आणि गूगल शीटमध्ये धडाधड टाईप करायला लागलो. नाव, गाव, तारीख, अभिप्राय. आता वाटतं की इथे एक आठवडा नुसतं बसून विचार केला असता तर बरं झालं असतं, पण उत्साह.

सगळं टाईप झाल्यावर सरांना समोर बसवून मी ‘कराड’ शोधलं. ७ नोंदी आल्या. सात पैकी एकातही तराजू नाही. मग अभिप्रायात ‘तराजू’ शोधलं, त्यात बरंच आलं, मुलांनी लिहिलेलं ‘तराजू आवडला’ वगैरे, पण कराडचं कुणीच नाही. सरांचा चेहरा पडला. म्हणाले, मला वाटतं मीच काहीतरी कल्पना केली असेल.

ताईंना मात्र ते पटेना. ‘मी स्वतः कराडची निदान पाच-सहा माणसं टाईप केलीयेत, सगळी मिळून सातच कशी?’ तेव्हा फिल्टरची यादी उघडली, म्हणजे गावाच्या रकान्यात कोणकोणती वेगवेगळी नावं आहेत ती सगळी एकाखाली एक. आणि तिथे कराड पाच वेळा होतं :

कराड
कऱ्हाड
कऱ्हाड (परत एकदा, अगदी डिट्टो)
कर्हाड
क-हाड

जुनी पिढी सर्रास कऱ्हाड लिहिते, त्यात काही चूक नाही. हाताने लिहिताना ते ऱ्ह चं वळण ह च्या आधी छोट्या आडव्या रेघेसारखं दिसतं, म्हणून ताईंनी कधी क-हाड टाईप केलं, डॅशसकट. भाचीला ते अक्षर फोनवर सापडलं नाही तेव्हा तिने कर्हाड लिहिलं, रफार देऊन. हे सगळं डोळ्यांना दिसतं तरी. पण दोन कऱ्हाड एकसारखे दिसूनही यादीत वेगवेगळे का, हे मला अर्धी रात्र कळेना. शेवटी लांबी मोजली :

```
=LEN(F2)
=UNICODE(MID(F2,2,1))
```

एका कऱ्हाडची लांबी ६ आली, दुसऱ्याची ७. दुसरं अक्षर एकात 2353, दुसऱ्यात 2352. म्हणजे असं की युनिकोडमध्ये हे ऱ्ह दोन पद्धतीने लिहिता येतं. एक, नुक्ता असलेला ऱ (तो 2353), मग हलन्त, मग ह. दुसरी, साधा र (2352), मग हलन्त, मग एक न दिसणारं जोडणारं अक्षर, नंबर 8205, मग ह. स्क्रीनवर दोन्हीचं चित्र तेच येतं, पण कम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. ताईंचा कीबोर्ड एक प्रकार देत होता, माझा दुसरा. आणि हे फक्त कराडचं दुखणं नाही, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘बऱ्याच’, ‘गोऱ्हे’ सगळीकडे हेच. तसंच ‘ॲ’ चं. ॲडव्होकेट मधला ॲ एक अखंड अक्षर म्हणून येतो (2418), किंवा अ वर चंद्र ठेवून दोन अक्षरांचा (2309 आणि 2373). युनिकोडचं जे नेहमीचं प्रमाणीकरण असतं, NFC म्हणतात ते, ते वापरून हे दोन्ही एक होत नाहीत, ते आम्ही करून बघितलं. आपल्यालाच सांगायला लागतं की हे म्हणजे ते :

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(TRIM(F2),
 UNICHAR(2352)&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),
 UNICHAR(2353)&UNICHAR(2381)),
 UNICHAR(2309)&UNICHAR(2373),
 UNICHAR(2418))
```

आता इथे एक मोह होतो आणि तो मला झालाच, की मूळ रकान्यातच फाईंड-रिप्लेस मारून सगळं ‘कराड’ करून टाकावं. भाचीने हात धरला. तिचं म्हणणं, मावशी, त्या माणसाने कऱ्हाड लिहिलंय, तू कराड केलंस तर वहीत काय होतं ते तक्त्यातून गेलं. आणि तिचंच बरोबर होतं. मग गावाचे दोन रकाने केले. पहिला ‘गाव, जसं लिहिलंय तसं’, त्यात शुद्धलेखनाच्या चुका, अर्धवट लघुरूपं, डॅश, पूना, Poona, जे असेल ते. दुसरा ‘गाव, शोधायला’, त्यात आमच्या यादीतलं एकच ठरलेलं रूप. पहिला फक्त फोटो बघून बदलायचा, दुसरा हवा तितक्या वेळा बदला. नावांचंही तसंच, कुलकर्णी आणि कुळकर्णी ही दोन्ही खरी आडनावं आहेत, आपण कोण सुधारणारे. वाचता न आलेल्या जागी [?], आणि अख्खी सही न लागली तर [अवाचनीय]. अंदाजाने भरायचं नाही, कारण चुकीचं नाव शोधणाऱ्याला भलतीकडे घेऊन जातं आणि ते चुकलंय हे कुणाला कळतही नाही.

गावांची यादी हे सगळ्यात मोठं काम निघालं. वेगळी शीट : गावाचा नंबर, आजचं नाव, तालुका, जिल्हा, आणि वहीत आलेली सगळी रूपं. बऱ्याच गोष्टी पटापट लागल्या. ‘पुणे ३०’ म्हणजे ४११०३०, सदाशिव पेठ, घरचंच. ‘पुणे ४’ डेक्कन, ‘पुणे ३८’ कोथरूड. बाहेरगावच्या माणसाला हे कळणार नाही, म्हणून यादीत लिहून ठेवलं. इंग्रजीतून सही करणाऱ्यांकडे Bombay, Madras, Calcutta, बेळगावचं Belgaum, ते सगळं आजच्या नावाशी जोडलं. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर यांची नावं २०२३-२४ मध्ये बदलली, त्यामुळे शोधायच्या रकान्यात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर, आणि रूपांमध्ये जुनी नावं, म्हणजे कुणी काहीही टाईप केलं तरी सापडेल.

पण ‘खेड’ आलं की थांबायला व्हायचं. खेड पुणे जिल्ह्यातलं, ज्याला राजगुरुनगर म्हणतात, की रत्नागिरीतलं? शिरूर पुण्याचं, की बीडचं शिरूर कासार, की लातूरचं शिरूर अनंतपाळ? मालेगाव नाशिकचं की वाशिमचं? वडगाव तर किती आहेत ते मोजायलाच नको, मावळ, शेरी, बुद्रुक. पुण्यात बसून टाईप करणाऱ्याला खेड म्हणलं की राजगुरुनगरच आठवतं, आणि तिथेच चूक होते. आम्ही ठरवलं की नुसत्या ‘खेड’ला नंबर द्यायचाच नाही, ‘खेड, संदिग्ध’ अशी वेगळीच नोंद यादीत ठेवायची. खेड शोधलं की तिन्ही गट दिसतात, मग बघणाऱ्याने ठरवावं.

कधीकधी मात्र लिहिणाऱ्याने स्वतःच सोडवून ठेवलेलं असतं. १९९३ ची एक नोंद होती ‘मु. पो. कारंजा, जि. अकोला’. भाचीने ती ‘चूक’ म्हणून पिवळी केली, कारण तिच्या हिशोबाने कारंजा एक वाशिम जिल्ह्यात आणि एक वर्ध्यात, अकोल्यात कुठलंच नाही. पण वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, अकोल्यातूनच निघून. म्हणजे १९९३ मध्ये कारंजा लाडचा माणूस ‘जि. अकोला’च लिहिणार, आणि त्यामुळेच ते वर्ध्याचं कारंजा घाडगे नाही हेही पक्कं झालं. तसंच ‘नंदुरबार, जि. धुळे’, ‘हिंगोली, जि. परभणी’. जिल्हा जुळत नाही म्हणून खोडायच्या आधी नोंदीची तारीख बघायची.

आणि तारीख म्हणलं की दुसरं प्रकरण सुरू.

पहिली गोची आमचीच. शीट अमेरिकन सेटिंगवर होती आणि भाचीने ‘5/6/93’ टाईप केलं की शीट आपोआप ६ मे समजत होती. तारीख तेरा किंवा पुढची असली तर तिला जमायचं नाही म्हणून ती नुसती अक्षरं म्हणून तशीच ठेवायची, त्यामुळे अर्धा रकाना असा, अर्धा तसा. हे दोनशे नोंदींनंतर लक्षात आलं. मग रकाना आधी साध्या मजकुराचा केला, ‘तारीख, जशी लिहिली तशी’ आणि शेजारी दुसरा 1993-06-05 या पद्धतीचा. यातलं जे बिघडलं होतं ते फोटो बघून परत भरायला लागलं, दुसरा इलाजच नव्हता.

काही तारखा गंमतीच्या. एका आजोबांनी ‘फाल्गुन शके १९१९’ लिहिलंय. शकात ७८ मिळवायचे एवढं सगळ्यांना माहीत असतं, म्हणजे १९९७. पण शक चैत्रात बदलतो आणि फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी साल पुढे गेलेलं असतं, त्यामुळे तिथे ७९, म्हणजे मार्च १९९८. आजूबाजूच्या नोंदी पण मार्च ९८ च्याच, जुळलं. एका जर्मन पाहुण्याचा १ एवढ्या लांब शेपटीचा की आम्ही तो ७ वाचला, खरा ७ त्यांनी मध्ये आडवी रेघ देऊन लिहिला होता तो शेजारीच होता म्हणून कळलं.

तर तारखा तपासायला मी एक सोपा नियम लावला. वही ओळीने भरत जाते, म्हणून पान-ओळीच्या क्रमाने बघितलं तर तारीख मागे जायला नको :

```
=IF(H3<H2,"बघ","")
```

‘बघ’ असं पन्नासएक ठिकाणी आलं. बरेचसे निरुपद्रवी, कुणीतरी कोरी राहिलेली ओळ नंतर भरलेली, किंवा जानेवारीत जुनंच साल लिहिलेलं (ते जसं आहे तसं ठेवलं, दुसऱ्या रकान्यात दुरुस्त साल आणि शेऱ्यात कारण). पण पान ११२ वर सरळ चार वर्षांची उडी होती. मागच्या पानापर्यंत १९९४, इथे वरच्या सहा ओळी १९९८ च्या, मग परत १९९४.

फोटो उघडला. हे जरा जवळून सांगते कारण सगळी गंमत इथे आहे. निळी शाई, एकाच हाताचं तिरकं अक्षर, सहाही ओळी एका कुटुंबाच्या दिसतात, वर थोरले, खाली मुलं. पहिल्या ओळीत तारीख ८/११/९४, आणि तो ४ वरून जवळजवळ मिटलेला. मराठी ४ चं वरचं तोंड मिटलं की तो हुबेहूब इंग्रजी 8 दिसतो. भाची इंग्रजी शाळेतली, तिने तो ९८ वाचला. तिला दोष नाही, मी पण तेच वाचलं असतं. पण त्याच ओळीत महिन्याच्या आधी जो दिवस आहे तो ८, मराठी वळणाचा, खाली उघडा. एकाच तारखेत माणूस एक ८ मराठी आणि एक इंग्रजी लिहीत नाही. म्हणजे शेवटचा ४ च. १९९४ चा नोव्हेंबर, दिवाळीच्या सुट्टीतलं कुटुंब. (याच न्यायाने १ आणि इंग्रजी 9 ची जोडीही तपासली, तिथे अजून सात चुका निघाल्या.)

साल दुरुस्त केलं आणि सहज बाकीच्या ओळी बघितल्या. गावाच्या रकान्यात सहाही ओळींत नुसतं 〃. वरच्यासारखंच, म्हणून आपण दोन टिंबं काढतो ते. भाचीने इमानदारीत ते तसंच 〃 टाईप केलेलं. पण पानाच्या पहिल्याच ओळीत ‘वरच्यासारखं’ म्हणजे कुठल्या वरच्यासारखं? वर काहीच नाही. वर आहे ते मागचं पान, ते टाईप केलेलं ताईंनी.

पान १११, शेवटची ओळ. तीच निळी शाई, तेच तिरकं अक्षर, त्या कुटुंबातले बहुधा सगळ्यात मोठे गृहस्थ. गाव : ‘क-हाड’, ताईंच्या डॅशसकट.

मी परत ११२ वर आले आणि चौथ्या ओळीचा अभिप्राय वाचला. ‘या तागडीच्या दांडीवरील छाप आमचे आजोबांचे दुकानचा आहे. पाहून भरून आले.’

तागडी! सर तराजू म्हणतात, लेबलवर तराजू आहे, म्हणून आम्ही तराजू शोधत बसलो, आणि त्या माणसाने आपल्या घरातला शब्द लिहिला. एकच नोंद, आणि तिच्यावर चार पडदे. साल चुकीचं, गाव टिंबांत, टिंबांचं मूळ दुसऱ्याच पानावर आणि तेही डॅश घालून, आणि वस्तूला दुसरा शब्द. यातला शेवटचा पडदा नसता तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं.

सरांना फोन केला रात्री साडेनऊला. ते म्हणाले, ‘पण मला ९८ का आठवत होतं?’ कदाचित त्यांनीही कधीतरी ते ९८ च वाचलं असेल, काय माहीत.

त्यानंतर सगळ्या टिंबांकडे परत गेलो. 〃 असलेल्या तीनशेच्या वर नोंदी होत्या, काही ठिकाणी टिंबांऐवजी ‘सदर’ किंवा ‘वरीलप्रमाणे’. त्या भरताना नियम केला की मूळ रकान्यात 〃 तसंच राहील, शोधायच्या रकान्यात गाव येईल, आणि शेऱ्यात ‘〃, 111-11 वरून’ असं कुठून घेतलं ते. आणि भरायच्या आधी अक्षर आणि पेन तेच आहे का बघायचं, कारण घाईत असलेला अनोळखी माणूस पण खुशाल टिंबं देऊन मोकळा होतो. अशा अकरा ठिकाणी अक्षर वेगळं होतं, तिथे गाव रिकामंच ठेवलं. हे सगळं झाल्यावर ‘कराड’ शोधलं की २६ नोंदी येतात. सात वरून सव्वीस, आणि वहीत एक शाईचा थेंबसुद्धा नवीन पडलेला नाही.

तागडीवरून अजून एक रकाना आला, ‘वस्तू’. अभिप्रायात ज्या वस्तूचा उल्लेख असेल तिचं संग्रहालयाच्या रजिस्टरातलं नाव आम्ही शेजारी घालतो, लिहिणाऱ्याने काहीही म्हणलेलं असो. तागडी, ताजवा, काटा, सगळ्यांपुढे ‘तराजू’ (सोनाराचा काटा वेगळा, तो ‘काटा’च). सर आधी नाखूश होते, म्हणाले उगाच काम वाढवताय, पण नंतर त्यांनाच त्यात रस आला, कारण एका तळकोकणातल्या बाईंनी एका मापाबद्दल लिहिलं होतं ‘आमच्याकडे याला कुडव म्हणतात’ आणि हे त्यांच्या कुठल्याच लेबलवर नव्हतं. अभिप्राय मात्र सगळे वाचायला लागतात, याला फॉर्म्युला नाही. आम्ही अजून दोन तृतीयांशच केलेत.

राहिलेल्या दोन गोष्टी पटकन. सहा सह्या मोडीत होत्या, त्या मोडी येणाऱ्या एका काकांना दाखवल्या. त्यांनी वाचून दिल्या आणि वर बजावलं की मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत, त्यामुळे ‘विष्णु’ लिहा की ‘विष्णू’ ते तुमचं, वहीतलं नाही. तसं शेऱ्यात लिहिलं. आणि बऱ्याच लोकांनी फोन नंबर, घराचा पूर्ण पत्ता लिहिलाय. ते आम्ही वेगळ्या शीटमध्ये ठेवलं, ती फक्त सरांकडे. बाकीच्यांना दिसणाऱ्या तक्त्यात नाव, गाव, वर्ष, अभिप्राय एवढंच. १९९४ मध्ये वहीत सही करणाऱ्याने काही इंटरनेटवर यायला होकार दिला नव्हता.

त्या कराडच्या माणसाचं पुढे काय, असं सगळे विचारतात. आडनाव लागलं, नावाचं पहिलं अक्षर लागलं, पत्ता त्यांनी लिहिलेलाच नाही. सरांच्या ओळखीचे एकजण तिकडे बाजारपेठेत विचारतायत. तोवर लेबलवर काय लिहायचं यावरून थोडी वादावादी झाली. सरांना थेट दुकानाचं नाव घालायचं होतं, छापात जेवढी अक्षरं दिसतात त्यावरून. मी म्हणलं छाप त्यांच्या आजोबांचा आहे हे ते म्हणतायत, आपण ताडून बघितलेलं नाही. शेवटी लेबल असं झालं : ‘तराजू (तागडी). दांडीवरील छाप कऱ्हाड येथील एका दुकानाचा असल्याची अभ्यागताची नोंद, ८ नोव्हेंबर १९९४, अभिप्राय वही १, पान ११२.’ सरांनी कऱ्हाडच लिहायला लावलं.

नवीन वही पण सरांनी आमच्याकडूनच आखून घेतली. तारखेला दिवस-महिना-साल अशा तीन चौकटी, गाव, तालुका, जिल्हा वेगळे रकाने, आणि वर ठळक अक्षरात ‘कृपया 〃 चिन्ह वापरू नये’. पहिल्याच दिवशी एक आजोबा आले, सगळं शांतपणे बघितलं, आणि सहाही रकान्यांवरून आडवं, मोठ्या अक्षरात लिहून गेले : ‘छान आहे. रकाने फार. पुणे ३०.’